शॉक, गोळी की एब्लेशन: हृदयाची बिघडलेली लय परत आणण्याचे तीन मार्ग

गणपती होऊन महिना झाला असेल. खानापूर तालुक्यातले ५७ वर्षांचे एक शेतकरी मुलाला सोबत घेऊन दवाखान्यात आले. ओळख पटू नये एवढे तपशील मी बदलले आहेत, आजाराचा क्रम मात्र जसाच्या तसा ठेवला आहे. भातशेतीच्या बांधावरून चालताना दम लागत होता, संध्याकाळी पावलांवर सूज येत होती, आणि त्यांच्याच शब्दांत सांगायचे तर "छातीत पाखरू फडफडूलंय बघा, डॉक्टर." कधीपासून, हे त्यांना नक्की सांगता येईना. मनगटावर नाडी मोजली तर मिनिटाला ९६ भरली, पण त्याच वेळी छातीवर स्टेथोस्कोप ठेवून मोजलेले ठोके १३८ होते.

हा ४२ ठोक्यांचा फरक म्हणजे मोजण्यातली चूक नव्हती. हृदयाचा खालचा कप्पा रक्ताने पुरता भरण्याआधीच पुढचा ठोका पडला, तर त्या ठोक्यात बाहेर ढकलायला रक्तच नसते. छातीवर तो ऐकू येतो, मनगटापर्यंत पोहोचत नाही. दोन ठोक्यांमधले अंतर दरवेळी वेगळे, त्यात कसलाही क्रम नाही, आणि शिवाय हा फरक, एवढ्यावरच एट्रियल फिब्रिलेशनचा संशय घेता येतो. ईसीजीने तो पक्का केला. पुढे या आजाराला आम्ही डॉक्टर म्हणतो तसे एएफ म्हणेन.

निरोगी हृदयात वरच्या उजव्या कप्प्यातल्या एका ठिकाणाहून विजेचा संदेश निघतो, दोन्ही वरच्या कप्प्यांत पसरतो आणि मधल्या एका गाठीतून खाली उतरतो. एएफमध्ये वरच्या कप्प्यांत मिनिटाला साडेतीनशे ते सहाशे अशा वेगाने विस्कळीत लहरी फिरत राहतात, त्यामुळे ते कप्पे आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरतात. मधली गाठ त्यांतल्या बहुतेक लहरी अडवते आणि काही, कसल्याही नियमाविना, खाली सोडते. थरथरणाऱ्या कप्प्यात, विशेषतः डाव्या बाजूच्या कानाच्या पाळीसारख्या एका कोपऱ्यात, रक्त साचते आणि गुठळी होऊ शकते. ती गुठळी सुटून मेंदूत गेली की अर्धांगवायू होतो.

म्हणून पहिल्या दिवशी लयीला हात न लावता दोन कामे केली. मेटोप्रोलॉलने ठोक्यांचा वेग आवरला, आणि गुठळी होऊ नये म्हणून अपिक्सबान, ५ मिलिग्रॅम, सकाळ-संध्याकाळ सुरू केले. बोलीत तिला रक्त पातळ करणारी गोळी म्हणतात. प्रत्यक्षात ती रक्त गोठण्याची क्रिया मंदावते. सूज उतरण्यासाठी लघवी वाढवणारी गोळी दिली. थायरॉइडची तपासणी चांगली आली. इकोमध्ये झडपा ठीक होत्या, डावा वरचा कप्पा थोडा मोठा झाला होता, आणि हृदयाची पंपिंगची ताकद, जी साधारण ५५ ते ६५ टक्के असते, ती ४० टक्के भरली.

झडपा ठीक होत्या हे मुद्दाम लिहिले. आपल्या भागात लहानपणी सांधेदुखीच्या तापाने झडप आकसलेले रुग्ण अजूनही येतात, आणि त्यांची गोष्ट वेगळी असते. मायट्रल झडप बरीच आकसली असेल तर आधी ती मोकळी करण्याचा विचार करावा लागतो. गुठळीविरोधात त्यांना अपिक्सबानसारखी नवी गोळी चालत नाही, जुनी वॉरफरिन किंवा असेनोकुमारॉलच घ्यावी लागते. इको न करता एएफच्या उपचाराचा आराखडा ठरवू नये, ते एवढ्यासाठी.

आठवड्याने सूज उतरली. मुलाने कोल्हापुरातल्या नातेवाइकाला विचारले होते, मोबाईलवर वाचलेही होते, आणि त्याचा प्रश्न तयार होता: "सर, शॉक, गोळ्या आणि एब्लेशन, या तिघांत चांगलं कुठलं?"

प्रश्न स्वाभाविक आहे, पण तो तिन्ही उपायांना एकाच रांगेत उभा करतो. शॉक बिघडलेली लय त्या क्षणापुरती परत आणतो; ती पुढे टिकवण्याचे काम त्याचे नाही. लयीची गोळी मुख्यतः लय टिकवते, आणि तीही घेतली जाते तोवरच. एब्लेशन, म्हणजे शिरेतून नळी नेऊन हृदयात नेमक्या ठिकाणी व्रण करणे, हे लय बिघडवणाऱ्या विजेच्या ठिणग्या जिथून निघतात त्या जागेवर काम करते. त्यामुळे 'शॉक की एब्लेशन' हा पर्याय बऱ्याचदा खरा नसतोच. पुष्कळ रुग्णांना आधी शॉक लागतो, मग गोळी आणि एब्लेशन यांतून निवड करावी लागते. या शेतकऱ्याला तिन्हीतून जावे लागले.

त्याआधीचा प्रश्न असा की लय परत आणायची तरी कशाला. वेग आवरला आहे, गुठळीची गोळी चालू आहे, मग एएफ तसेच राहिले तर काय बिघडते? २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अफर्म या अभ्यासात चार हजारांहून अधिक रुग्ण होते, आणि नुसता वेग आवरलेले व लय परत आणण्याचा प्रयत्न केलेले, या दोन गटांच्या मृत्यूच्या प्रमाणात फरक दिसला नव्हता. त्यानंतर बरीच वर्षे 'वेग आवरा, पुरे' असाच कल राहिला. २०२० च्या ईस्ट-एएफनेट ४ या अभ्यासाने तो काहीसा बदलला. त्यात निदानाला एक वर्षही न झालेले रुग्ण घेतले होते, आणि ज्यांची लय लवकर परत आणायचा प्रयत्न झाला त्यांच्यात हृदयविकाराने मृत्यू, अर्धांगवायू आणि हृदयाच्या आजारासाठी भरती होणे यांचे एकत्रित प्रमाण कमी राहिले: दर शंभर रुग्णांमागे वर्षाला ३.९, तर दुसऱ्या गटात ५.०. फरक मोठा नाही, पण खरा आहे. माझ्या मते त्यातला महत्त्वाचा शब्द 'लवकर' हा आहे. वर्षानुवर्षे थरथरलेल्या कप्प्याच्या भिंतीत तंतू साचतात, कप्पा फुगतो, आणि मग कोणताही उपाय नीट लागू पडत नाही.

आमच्या रुग्णाच्या बाबतीत आणखी एक कारण होते. पंपिंग ४० टक्क्यांवर आले होते, आणि ते बेलगाम ठोक्यांमुळेच आले असावे असा संशय होता. तसे असेल तर लय परत आली की ते सुधारायला हवे. त्यामुळे शॉक हा उपचारही होता आणि एका अर्थाने तपासणीही.

शॉक लगेच देता येत नाही, हे मुलाला पटायला वेळ लागला. एएफ सुरू होऊन चोवीस तासांहून अधिक काळ झाला असेल, किंवा आमच्या रुग्णासारखे कधी सुरू झाले हेच ठाऊक नसेल, तर कप्प्यात गुठळी असू शकते. लय परत येऊन कप्पा आकुंचन पावू लागला की ती बाहेर फेकली जाऊ शकते. म्हणून शॉकआधी किमान तीन आठवडे गुठळीची गोळी एकही वेळ न चुकवता घ्यावी लागते. घाई असेल तर घशातून नळी घालून आतून इको करतात आणि त्या कोपऱ्यात गुठळी नाही याची खात्री करून घेतात. जीव धोक्यात येईल इतका रक्तदाब घसरला असेल तर मात्र वाट पाहत नाहीत.

तारीख ठरली, आणि आदल्या दिवशी मी सवयीने विचारले, "एखादी गोळी चुकली काय हो?" ते म्हणाले, नाही. मुलगा म्हणाला, "बाबा, यल्लम्मेच्या डोंगराला गेल्यावर?" सौंदत्तीच्या जत्रेत गोळ्यांची पट्टी घरीच राहिली होती, चार दिवस. त्यांनी ते लपवले नव्हते. आपल्याला बरे वाटत होते तेव्हा चार दिवसांनी काय होते, असे त्यांना वाटले होते. तीन आठवड्यांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. घाई नव्हती, म्हणून घशातल्या इकोऐवजी थांबणे पत्करले. शॉकच्या आदल्या दिवशी हा प्रश्न रुग्णाला एकट्याला न विचारता घरच्यांसमोर विचारावा, असे मी तेव्हापासून ठरवले आहे.

शॉकच्या दिवशी सहा तास उपाशीपोटी, पोटॅशियम पाहिलेले. एक चिकटपट्टी छातीवर, दुसरी पाठीवर, म्हणजे वीज वरच्या कप्प्यांतून आरपार जाते. भूलतज्ज्ञांनी शिरेतून औषध देऊन काही मिनिटांची झोप लावली. मग मशीनवरचे एक बटण दाबले, ज्यामुळे पडद्यावर प्रत्येक ठोक्याच्या उंच टोकावर एक छोटी खूण उमटू लागते. ही खूण म्हणजे मशीन शॉक त्याच क्षणी देईल याची खात्री. शॉक चुकून ठोक्यानंतरच्या नाजूक क्षणी पडला, तर खालचे कप्पेच थरथरू लागतील आणि हृदय बंद पडल्यासारखी अवस्था होईल. म्हणून मी खुणा स्वतः पाहिल्याशिवाय पुढे जात नाही, आणि दुसरा शॉक द्यावा लागला तर पुन्हा पाहतो, कारण काही मशीन पहिल्या शॉकनंतर ते बटण आपोआप बंद करतात. २०० ज्यूल. शरीराला एक झटका बसला, पडद्यावर क्षणभर सरळ रेष, आणि मग एकामागून एक, सारख्या अंतरावर, छोटा उंचवटा व त्यामागे मोठा ठोका. तो छोटा उंचवटा म्हणजे वरचे कप्पे पुन्हा एकत्र आकुंचन पावत असल्याची निशाणी. ते जागे झाले आणि म्हणाले, "सुरू कधी करणार?" छातीवर पट्टीच्या जागी तेवढा लालसर चट्टा होता.

पुढचे किमान चार आठवडे गुठळीची गोळी अत्यावश्यक असते, कारण लय ईसीजीवर परत आली तरी कप्पा काही आठवडे बधिर असल्यासारखा कमजोर आकुंचन पावतो. सहाव्या आठवड्यात ते दम न लागता घरामागची चढण चढत होते. इकोमध्ये पंपिंग ५२ टक्के आले होते. संशय खरा ठरला.

आठव्या आठवड्यात नाडी पुन्हा बिघडली. शॉक फसला असे मुलाला वाटले, पण शॉकने आपले काम केले होते. त्यानंतर लय टिकवायला काहीच दिले नाही, तर वर्षभरात निम्म्याहून अधिक जणांत एएफ परत येते.

आता लयीची गोळी. इथे निवड रुग्णाच्या पसंतीने होत नाही, त्याच्या हृदयाच्या अवस्थेने होते. हृदय अन्यथा निरोगी असेल तर फ्लेकेनाइडसारखे औषध देता येते, सोबत वेग आवरणारी गोळी ठेवून. पण हार्ट अटॅक येऊन गेलेल्यांना किंवा पंपिंग कमी असलेल्यांना ते देत नाहीत. अटॅकनंतर असे औषध घेणाऱ्यांत मृत्यू वाढले, हे १९९१ च्या एका मोठ्या अभ्यासात दिसले होते. लयीचे औषधच काही हृदयांत जीवघेणी लय निर्माण करते. सोटॅलॉलला ईसीजीवरचे एक ठराविक अंतर आणि मूत्रपिंडाचे काम पाहत राहावे लागते, आणि कमजोर हृदयात तेही धोक्याचे. हृदय कमजोर असताना वापरता येईल असा उरतो तो मुख्यतः अमिओडॅरोन, आणि लय टिकवण्यात तोच सर्वांत जोरकसही.

त्यांना तो दिला: पहिला आठवडा २०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, दुसरा आठवडा दोनदा, मग रोज एक. महिनाभराने पुन्हा शॉक दिला, आणि या वेळी लय टिकली. दहा महिने टिकली.

अमिओडॅरोनची किंमत हळूहळू कळते. २०० मिलिग्रॅमच्या एका गोळीत सुमारे ७५ मिलिग्रॅम आयोडीन असते. शरीराची रोजची गरज १५० मायक्रोग्रॅम. त्यातला थोडाच भाग सुटा होतो, पण तेवढाही थायरॉइड बिघडवायला पुरतो, कधी मंद करतो, कधी भडकवतो. यकृतावर आणि क्वचित फुप्फुसांवर परिणाम होतो. औषध चरबीत साठते, त्यामुळे बंद केल्यावरही कित्येक आठवडे, कधी महिने अंगात राहते. म्हणून थायरॉइड आणि यकृताच्या तपासण्या दर सहा महिन्यांनी, आणि नवा कोरडा खोकला किंवा दम लागला तर छातीचा फोटो. असेनोकुमारॉल किंवा वॉरफरिन घेणाऱ्यांत अमिओडॅरोन सुरू केल्यावर रक्त जास्तच पातळ होते; तिथे त्या गोळीचा डोस कमी करून वारंवार तपासावे लागते. आमच्या रुग्णाला आधी दिसला तो उन्हाचा त्रास: नांगरणीच्या दिवसांत मान आणि कोपरापासून खालचे हात भाजल्यासारखे लाल झाले. लांब बाह्यांचा सदरा आणि टॉवेल, असे निभावले. पण दहाव्या महिन्यात टीएसएच वाढून १८ आला, म्हणजे थायरॉइड मंदावले होते. थायरॉइडची गोळी देऊन तेही निभावता आले असते. ५७ वर्षांच्या माणसाला पुढची वीस वर्षे मात्र या औषधावर ठेवू नये, असे मला वाटले.

एब्लेशनमागची कल्पना फ्रान्समधल्या बोर्दो इथली. १९९८ साली मिशेल हाइसागेर आणि सहकाऱ्यांनी दाखवले की एएफ पेटवणाऱ्या बहुतेक ठिणग्या फुप्फुसांतून हृदयात येणाऱ्या चार शिरांच्या तोंडापासून निघतात. हृदयाचा स्नायू त्या शिरांत बाहीसारखा थोडा आत शिरलेला असतो, आणि तिथून अवेळी संदेश सुटतात. आजच्या एब्लेशनचा गाभा म्हणजे त्या शिरांच्या तोंडाभोवती गोल व्रण करून आतल्या ठिणग्या हृदयापर्यंत पोहोचू न देणे. शीर बंद होत नाही, रक्त वाहतच राहते. फक्त विजेची वाट तुटते.

ते मोठ्या केंद्रात गेले. जांघेतल्या शिरेतून बारीक नळ्या वर चढवल्या, दोन वरच्या कप्प्यांमधल्या पातळ पडद्याला सुईने छिद्र करून डाव्या बाजूला गेले, आणि उष्णतेने ठिपक्याला ठिपका जोडत व्रणाचे कडे पूर्ण केले. थंड फुगा वापरून तेच काम गोठवूनही करतात. अलीकडची पद्धत उष्णता किंवा थंडीऐवजी विजेच्या अतिशय अल्पकाळाच्या झटक्यांनी स्नायूच्या पेशी मारते, आणि तिचे वैशिष्ट्य असे की शेजारची अन्ननलिका तुलनेने सुरक्षित राहते. कडे पूर्ण झाले हे कसे कळते? शिरेत ठेवलेल्या नळीवर दिसणारे विजेचे छोटे टोक एकाएकी नाहीसे होते. एखादी फट राहिली तर ते दिसतच राहते. महिन्यांनी फट पुन्हा उघडू शकते, म्हणून काहींना दुसऱ्यांदा एब्लेशन लागते.

अधूनमधून येणाऱ्या एएफमध्ये एका एब्लेशननंतर वर्षभर लय टिकण्याचे प्रमाण साधारण ७० ते ८० टक्के, सतत राहणाऱ्या एएफमध्ये त्याहून कमी. गोळ्यांपेक्षा हे चांगलेच आहे. आयुष्य किती वाढते याचे उत्तर मात्र सर्वांसाठी एक नाही. २०१९ च्या कॅबाना अभ्यासात एब्लेशन आणि औषधे असे सुरुवातीला ठरवलेले गट तसेच धरून पाहता मृत्यू व अर्धांगवायूसारख्या मोठ्या घटनांत ठोस फरक दिसला नाही, त्रास आणि एएफ परत येणे मात्र कमी झाले. कमजोर हृदयाच्या रुग्णांवरच्या २०१८ च्या कॅसल-एएफमध्ये मृत्यूही कमी झाले.

धोके सांगितल्याशिवाय सही घेऊ नये. शंभरातल्या सुमारे एकाला हृदयाभोवती रक्त साचून ते तातडीने काढावे लागते. जांघेत रक्त साकळणे याहून जास्त वेळा होते. दुर्मीळ पण सर्वांत भीषण म्हणजे उष्णतेने अन्ननलिका आणि हृदय यांच्यात छिद्र पडणे. ते एब्लेशननंतर एक ते आठ आठवड्यांत, माणूस घरी असताना, ताप, गिळताना दुखणे, मधूनच बोबडी वळणे अशा रूपात येते. घशातून दुर्बीण घालून पाहण्याची चूक अशा वेळी करू नये. दुर्बिणीसोबत जाणारी हवा छिद्रातून हृदयात शिरते आणि मेंदूत जाते. छातीचा सीटी स्कॅन करावा आणि एब्लेशन केलेल्या केंद्राला फोन करावा. मी त्यांच्या फाईलवर हे तांबड्या शाईने लिहून दिले, कारण ताप आल्यावर ते पहिल्यांदा गावातल्याच डॉक्टरांकडे जाणार होते.

पाचव्या आठवड्यात रात्री अकराला फोन आला. पाखरू पुन्हा फडफडत होते. ताप नव्हता, गिळताना त्रास नव्हता. पहिले दोन-तीन महिने भाजलेल्या जागेची सूज उतरेपर्यंत लय अशी चाळवते, आणि त्यावरून एब्लेशन फसले असे मानत नाहीत. ते तीन तासांत आपोआप थांबले. अमिओडॅरोन तिसऱ्या महिन्यात बंद केला. वर्षाच्या शेवटी लावलेल्या, सतत ईसीजी नोंदवणाऱ्या होल्टर पट्ट्यात एएफ सापडले नाही, पंपिंग ५६ टक्के.

त्या दिवशी त्यांनी विचारले, "ठोका सुधारला, मग रक्ताची गोळी बंद करू काय?" नाही. त्यांना रक्तदाब आहे, आणि हृदयाची कमजोरी येऊन गेलेली आहे. अर्धांगवायूचा धोका मोजण्याच्या गुणांकनात या दोन्हींचा एकेक गुण धरला जातो, आणि दोन गुण असलेल्याला ही गोळी चालू ठेवायचा सल्ला देतात, मग ईसीजी कितीही चांगला असो. शिवाय एएफ झोपेत काही तास येऊन गेले तर ते त्यांना कळणारही नाही. दोनऐवजी एकच घेतली तर चालेल का, असेही त्यांनी विचारून पाहिले. अपिक्सबानचा परिणाम अर्ध्या दिवसात ओसरतो. सकाळचीच घेतली तर रात्रभर संरक्षण उरत नाही, म्हणून दोन्ही वेळा.